पणजीच्या १९०६ सालच्या पुस्तकातले अनुस्वार ठेवायचे की काढायचे?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझ्या आईच्या आजीने लोणची, मुरंबे आणि साठवणीच्या पदार्थांचं एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. १९०६ साली पुण्यात छापलेलं, ९६ पानांचं. घरात एकच प्रत उरली आहे आणि तिचे कोपरे हात लावताच तुटतात. पणजी १९३१ साली गेली, त्यामुळे स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही. मी पानं स्कॅन करून मजकूर टाईप करते आहे, म्हणजे तो सगळ्यांना वाचता येईल.

अडचण अशी की मामेभावाने पहिली पस्तीसेक पानं आधीच उतरवली होती आणि ती आजच्या शुद्धलेखनात आणली होती. मी मात्र जसं छापलंय तसं उतरवते आहे. आता एकाच पुस्तकाच्या दोन तऱ्हा झाल्यात. पान ३१ वरचा मूळ मजकूर देते:

> कैऱ्या शेर २॥ घेऊन त्या धुवून पुसून कोरड्या कराव्या. नंतर त्यांच्या फोडी करून त्यांस मीठ शेर ॥ चोळून ठेवावें. दुसरे दिवशीं त्यांस पाणी सुटतें, तें टाकूं नये. त्यांतच मोहरीची पूड, हळद, हिंग, मेथ्या इ० घालून चांगलें कालवावें ह्मणजे फोडींस लागतें. आमची जाऊ मोहरी भाजून घालते. कच्ची फेंसून घालतें, त्यानें झणका राहतो.

आणि हे भावाचं:

> कैऱ्या शेर २ घेऊन त्या धुवून पुसून कोरड्या कराव्या. नंतर त्यांच्या फोडी करून त्यांना मीठ शेर चोळून ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी सुटते, ते टाकू नये. त्यातच मोहरीची पूड, हळद, हिंग, मेथ्या इत्यादी घालून चांगले कालवावे म्हणजे फोडींना लागते. आमची जाऊ मोहरी भाजून घालते. कच्ची फेसून घालते, त्याने झणका राहतो.

त्याचं म्हणणं, वाचायला सोपं झालं आणि अर्थ तोच आहे. मला मूळ ठेवावंसं वाटतं, पण त्यामागे मायेपलीकडे काही कारण आहे का, ते मला सांगता येत नाही. तुम्ही काय कराल?

सह्यकडा

ताई, याचं उत्तर ठरून गेलेलं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, आणि १९७२ ची भर, यांत जुन्या लेखनाबद्दल स्पष्ट नियम आहे. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळानुसार छापायचं, आणि त्यानंतरचं सगळं, खुद्द या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांनी. निबंधमाला सुरू झाली १८७४ साली. तुमचं पुस्तक १९०६ चं, म्हणजे ते नव्या बाजूला पडतं. भावाने योग्य केलं आहे.

शिवाय ‘ठेवावें’, ‘टाकूं’, ‘दिवशीं’ यांवरच्या टिंबांचा उच्चार कोणी करत नव्हतं. ती व्युत्पत्तीपुरती होती, म्हणून तर काढली. ती गेली म्हणून काहीही हरवत नाही.

विदुला के

सह्यकडा, नियम तुम्ही बरोबर सांगितला आहे. पण तो कशासाठी आहे ते पाहा. एखादं पुस्तक आजच्या वाचकासाठी नव्याने छापताना लेखन कसं असावं, हे तो सांगतो. एका विशिष्ट छापील प्रतीची नक्कल कशी करायची, याबद्दल तो बोलतच नाही. रानजाई पहिलं काम करत असतील तर नियम लागू. दुसरं करत असतील तर ते वेगळं काम आहे, आणि एका प्रतीवर दोन्ही कामं एकदम करता येत नाहीत.

‘काहीही हरवत नाही’ हे मात्र मला मान्य नाही. रानजाईंनी दिलेल्या दोन उताऱ्यांतच दोन गोष्टी हरवल्या आहेत, आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली, मीठ. मूळ वाचा: ‘कैऱ्या शेर २॥’, ‘मीठ शेर ॥’. हे दोन दंड विरामचिन्ह नाहीत. जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. म्हणजे पणजीबाईंनी अडीच शेर कैरीला अर्धा शेर मीठ सांगितलं आहे, पाचास एक. भावाच्या प्रतीत दोन शेर कैरीला ‘मीठ शेर’, म्हणजे कोणीही एक शेर समजेल. दोनास एक झालं. ते लोणचं खाता येणार नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ‘आमची जाऊ मोहरी भाजून घालते.’ इथे अनुस्वार नाही. ‘कच्ची फेंसून घालतें.’ इथे आहे. जुन्या लेखनात ‘ती घालते’ आणि ‘मी घालतें’ असा भेद असतो, जसा पुरुषाच्या तोंडी ‘तो जातो’ आणि ‘मी जातों’. दुसऱ्या वाक्यात ‘मी’ हा शब्द लिहिलेला नाही, कारण त्या टिंबातच तो आहे. जाऊ भाजून घालते, मी कच्ची फेसून घालते, असं बाई सांगताहेत. टिंब काढलं की दोन्ही वाक्यं जावेचीच होतात, आणि तीच मोहरी भाजतेही आणि कच्चीही घालते असा घोळ होतो. तुमची पणजी त्या वाक्यातून नाहीशी होते.

रानजाई

विदुलाताई, मी हे वाक्य किमान दहा वेळा वाचलं असेल आणि मला वाटत होतं की तिच्या लिहिण्यात काहीतरी सुटलं आहे. ते तिचं स्वतःबद्दलचं वाक्य आहे हे आज कळलं.

मिठाचं खरं आहे. मामीने गेल्या चैत्रात भावाच्या प्रतीवरून लोणचं घातलं होतं. ते तोंडात धरवेना, आणि आम्ही नव्या मिठाला दोष दिला. भावाला विचारलं. त्याला ती चिन्हं श्लोकातल्या दंडांसारखी वाटली, म्हणून त्याने सगळ्या फाईलमधून एकदम काढून टाकली. त्याची चूक म्हणवत नाही, आमच्या घरात कोणालाच ते माहीत नव्हतं.

मांडवीतीर

माझा प्रश्न जवळपास असाच आहे म्हणून इथेच विचारतो. आम्ही फोंड्याचे. आजोबांची भजनांची वही आहे, हाताने लिहिलेली, साधारण १९४० च्या आसपासची. तिच्यात एकच अभंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला आहे. तुमच्या हिशेबाने मी दोन्ही तसेच ठेवायचे का? देवळात वाटायची आहे ती.

एक गोष्ट मात्र सांगतो. ती टिंबं कोणी उच्चारत नव्हतं असं वर लिहिलंय ते आम्हाला पटणार नाही. कोंकणीत ‘केलें’, ‘तें’ आम्ही आजही नाकातून म्हणतो आणि तसंच लिहितो.

विदुला के

मांडवीतीर, हस्तलिखिताची गोष्ट वेगळी आहे. तिथे छापखाना मध्ये येत नाही, आणि आजोबांनी वही छापायला दिलेली नव्हती. देवळात म्हणण्यासाठी वाटायची असेल तर म्हणणाऱ्याला सोयीची एक प्रत करा आणि वहीचे फोटो काढून ठेवा. तुमचा हेतू तोच आहे. उच्चाराबद्दल तुम्ही सांगितलेलं मोलाचं आहे.

अस्मिता_न्यूजर्सी

मी दुसरी बाजू मांडते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, शनिवारच्या मराठी शाळेत जाते. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पांच’ असं दिसलं की ती तिथेच अडते आणि हे चूक आहे का विचारते. आणि माझ्या वडिलांना दिसत नाही, ते फोनकडून वाचून घेतात. जुनी पुस्तकं लावली की फोन प्रत्येक टिंबाचा ‘न’ किंवा ‘म’ करतो. ‘ठेवावेम्’ असं काहीतरी ऐकू येतं. दहा मिनिटांत ते बंद करतात.

रानजाई, तुमच्या पणजीचं पुस्तक त्यांना फार आवडेल. पण ज्या रूपात तुम्ही ठेवू म्हणता त्या रूपात त्यांना ते ऐकता येणार नाही.

रानजाई

अस्मिता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांना ऐकता आलं पाहिजे.

जुना जुळारी

मी १९६८ पासून कोल्हापुरात खिळे जुळवले, ऑफसेट येईपर्यंत. तुमच्या चर्चेत छापखाना कुठे दिसत नाही म्हणून लिहितो.

पुस्तकात जे दिसतं ते सगळं लेखिकेचं नसतं. काही जुळाऱ्याचं असतं, काही खिळ्याचं. आमच्याकडे अक्षराचा खिळा निराळा आणि वरच्या मात्रेचा, अनुस्वाराचा निराळा, असंही काम चालायचं. अनुस्वाराचा खिळा म्हणजे सगळ्यांत नाजूक. दाबाखाली त्याचं टोक मोडतं. मोडलं की त्या जागी छापून काहीच येत नाही. कधी खिळा सरकतो, मग टिंब शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतं. आणि कधी टिंब असतं पण शाई लागलेली नसते.

तुम्ही कागदावर अनुस्वार नाही बघून ‘लेखिकेने दिला नाही’ म्हणाल, तर चुकाल. पान उजेडाशी तिरकं धरा. दिवा बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर. खिळ्याने कागदाला खळगा पडलेला असतो. खळगा आहे आणि शाई नाही, तर टिंब जुळवलेलं होतं. खळगाच नाही, तर खिळा मोडला किंवा बसवलाच नाही. त्यापुढे मात्र पान सांगत नाही, पुस्तकाला विचारावं लागतं.

आणि स्कॅन कसं केलंय? आमच्या नातवाने एक जुनं पुस्तक स्कॅन केलं तेव्हा यंत्रातली डाग काढायची सोय चालू होती. निम्मी टिंबं यंत्राने डाग समजून पुसली.

रानजाई

काका, मनापासून आभार. मी तपासलं. भावाने काळ्या-पांढऱ्यात, २०० डीपीआयवर स्कॅन केलं होतं आणि डाग काढण्याची सोय चालू होती. मी आज सहा पानं ४०० डीपीआयवर, करड्या छटांत, ती सोय बंद करून पुन्हा केली. पान १२ वर जुन्या स्कॅनमध्ये १९ अनुस्वार दिसत होते, नव्यात ३१ दिसतात.

विदुला के

काकांनी म्हटलं ‘पुस्तकाला विचारावं लागतं’. ते कसं विचारायचं ते सांगते, कारण खरी मेहनत इथेच आहे.

लेखिकेची सवय कोणती आणि चूक कोणती हे एका पानावरून कळत नाही. सगळ्या शब्दांची यादी करा, प्रत्येक शब्द किती वेळा आला त्या आकड्यासह. संगणकावर मजकूर असेल तर एवढं पुरतं:

```
tr -s ' .,;:?!\n' '\n' < pustak.txt | sort | uniq -c | sort -rn > yadi.txt
```

मग जोड्या शोधा. ‘नाहीं’ शंभर वेळा आणि ‘नाही’ तीन वेळा असेल, तर ती तीन ठिकाणं उघडून तिरक्या उजेडात बघा. पण ‘गांव’ वीस वेळा आणि ‘गाव’ अठरा वेळा असेल, तर त्या पुस्तकात दोन्ही चालत होती. तिथे हात लावायचा नाही. एकसारखं करण्याचा मोह इथे फार होतो. त्या काळी लेखन एकसारखं नव्हतं, आणि आपण ते तसं केलं तर खोटं पुस्तक तयार होतं.

यादी करण्याआधी मोजणी कुठल्या मजकुरावर करताय ते पाहा. भावाची पानं त्यात मिसळली तर सगळे आकडे बिघडतील.

आणखी एक. पुस्तकाच्या शेवटी किंवा मुखपृष्ठाच्या आत शुद्धिपत्र आहे का?

रानजाई

शुद्धिपत्र आहे! शेवटच्या जाहिरातीच्या पानामागे चिकटलं होतं, मी ते स्कॅनच केलं नव्हतं. वाफ न देता, नुसतं पातळ पातं सरकवून सोडवलं. ‘पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध’ असे चार रकाने आणि १४ नोंदी. त्यांतल्या पाच नोंदी फक्त टिंबाच्या आहेत. एक अशी: पृष्ठ ४४, ओळ ३, अशुद्ध ‘ठेवते’, शुद्ध ‘ठेवतें’.

पान ४४ उघडलं. तिथे ती मुरंब्याच्या बरणीबद्दल लिहिते, आणि वाक्यात ‘मी’ नाही.

मग मी भावाची पानं बाजूला ठेवून, माझ्या उतरवलेल्या ४० पानांत असे सगळे शब्द मोजले. ती स्वतःबद्दल बोलते तिथे ‘घालतें, ठेवतें, करतें’ असे २३ शब्द आहेत. २१ ठिकाणी टिंब आहे. उरलेल्या दोनांपैकी एक हे पान ४४ चं. दुसरं पान ३८ वर. काकांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च आडवी धरली, आणि ‘तें’च्या डोक्यावर बारीक खळगा आहे, शाई नाही. जाऊ, सासू, शेजारीण यांच्याबद्दल ‘घालते, करते’ असं ११ वेळा आहे, एकदाही टिंब नाही.

विदुला के

म्हणजे तुमच्या पणजीने किंवा तिच्या मुद्रितशोधकाने एका टिंबासाठी शुद्धिपत्रात ओळ खर्च केली होती. यापुढे ती टिंबं निरुपयोगी आहेत असं या पुस्तकाबद्दल तरी कोणी म्हणू शकणार नाही.

सह्यकडा

मी माझं विधान मागे घेतो. ‘घालतें’चा मुद्दा मला माहीत नव्हता. नियम मी शाळेत शिकवतो, पण काढलेल्या अनुस्वारांनी काय काम केलं होतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

एक व्यावहारिक प्रश्न मात्र राहतोच. मजकूर महाजालावर ठेवलात आणि कोणी ‘लोणचे’ शोधलं, तर ‘लोणचें’ सापडेलच असं नाही. ‘काही’ शोधलं तर ‘कांहीं’ येणार नाही. जे सापडत नाही ते जतन करून काय उपयोग? आणि अस्मिताताईंच्या वडिलांचं काय?

निरंजन_ई

मी ई-पुस्तकं करतो. हे दोन्ही प्रश्न एकाच उपायाने सुटतात. मूळ मजकूर एकदाच, अगदी जसाच्या तसा उतरवायचा. जिथे आजचं रूप वेगळं आहे तिथे ते शेजारी नोंदवायचं, मूळ खोडायचं नाही. अभ्यासक यासाठी टीईआय नावाची पद्धत वापरतात:

```
कच्ची <choice><orig>फेंसून</orig><reg>फेसून</reg></choice>
<choice><orig>घालतें</orig><reg>घालते</reg></choice>
```

यातून दोन पुस्तकं आपोआप निघतात, एक `orig` घेऊन आणि एक `reg` घेऊन. शोध दोन्हींवर चालतो. अस्मिताताईंच्या वडिलांना ऐकण्यासाठी दुसरं पुस्तक द्या. वर्षभराने कोणाला आजचं रूप चुकलं असं वाटलं, तर मूळ शाबूत असतं.

छपाईची चूक असेल तिथे `sic` आणि `corr` अशी वेगळी जोडी आहे. जुनं लेखन आणि चूक या दोन गोष्टी एका खुणेत कधीही मिसळू नका. मिसळल्या की ‘घालतें’ पण चूक ठरतं.

त्या रेघांबद्दल: ॥ हा दंड म्हणून टाईप करता येतो, कोड `U+0965`. पण युनिकोडमध्ये पाव, अर्धा, पाऊण यांची स्वतंत्र चिन्हंही आहेत, `U+A830`, `U+A831`, `U+A832`. अर्थाने ती जास्त बरोबर, पण पुष्कळ फोनवर नुसता चौकोन दिसतो. मी दंडच वापरतो आणि `reg` मध्ये ‘अडीच’, ‘अर्धा’ असं लिहितो. तुमच्या ‘इ०’मधलं ते चिन्ह शून्य नाही, संक्षेपाचं आहे. त्याला `U+0970` आहे.

विदुला के

निरंजन यांचं बहुतेक सगळं पटलं, पण `reg` भरताना सावध राहा. रानजाईंच्या भावाने ‘दुसरे दिवशीं’चं ‘दुसऱ्या दिवशी’ केलं आणि ‘त्यांस’चं ‘त्यांना’. ‘दिवशीं’चं ‘दिवशी’ करणं हे लेखन बदलणं आहे. ‘दुसरे’चं ‘दुसऱ्या’ करणं आणि ‘स’च्या जागी ‘ना’ आणणं ही भाषा बदलणं आहे. पणजीबाई ‘दुसरे दिवशी’ असंच बोलत असणार. आजच्या रूपातही ते तसंच राहू द्या, अकरा वर्षांच्या मुलीला ते समजेल.

आणि ‘घालतें’चं `reg` नुसतं ‘घालते’ ठेवलंत तर ऐकणाऱ्यासाठी तोच घोळ परत आला. तिथे कंसात [मी] घाला. कंस आपला आहे हे प्रस्तावनेत सांगा.

‘शेर’चं ग्रॅम करू नका. ८० तोळ्यांचा शेर सर्रास चालायचा, साधारण ९३३ ग्रॅमचा, पण मुंबईचा शेर त्याहून पुष्कळ लहान होता. पणजीबाईंचा कोणता ते पुस्तकात सापडलं तर टीप द्या. लोणच्याला तसंही प्रमाणच पुरतं, पाचास एक.

सह्यकडा

‘ह्मणजे’चं काय करायचं? ही मला चूकही वाटत नाही आणि वेगळं लेखनही. जुन्या छपाईत ‘म्ह’ या जोडाक्षराची आकृतीच तशी होती. जुना ‘झ’ वेगळ्या वळणाचा असायचा, तो आपण आजच्या ‘झ’नेच टाईप करतो. मग ‘ह्म’सुद्धा ‘म्ह’ म्हणूनच टाईप करायला हवा.

जुना जुळारी

नाही. आमच्या खिळ्यांच्या केसमध्ये ‘ह्म’चा खिळा वेगळा आणि ‘म्ह’साठी अर्धा ‘म’ वेगळा. ‘ब्रह्म’ जुळवायला तोच ‘ह्म’ लागायचा. जुळाऱ्याने ‘ह्म’ उचलला तो समोरच्या कागदावर ‘ह्म’ होता म्हणून.

रानजाई

पुस्तकात पाहिलं. ‘ह्मणजे’, ‘ह्मणून’ सगळीकडे ‘ह्म’ आहे. पण पान २२ वर ‘म्हशीचें दूध’ असं ‘म्ह’ने आहे, आणि पान ६७ वर पुन्हा ‘म्हशीचें’.

विदुला के

मग या पुस्तकात तरी ती नुसती आकृती नाही. दोन्ही खिळे हाताशी होते आणि ‘म्हणणे’च्या शब्दांना एक, म्हशीला दुसरा वापरला आहे. मी ‘ह्म’ तसाच ठेवीन.

सह्यकडा

दोन ठिकाणांवरून मी हे मान्य करणार नाही. तो शब्द जुळवणारा माणूस दुसरा असू शकतो. ९६ पानं एका माणसाने जुळवली नसतील.

जुना जुळारी

तेही खरं आहे. आमच्याकडे फॉर्म, म्हणजे एकदम छापायच्या पानांचे गट, वाटून द्यायचे. पान २२ आणि ६७ कोणत्या फॉर्ममध्ये येतात ते बांधणी बघून कळेल. दोन्ही एकाच हाताची निघाली तर सह्यकडांचं म्हणणं उभं राहतं.

निरंजन_ई

तोवर `orig` मध्ये ‘ह्म’ ठेवा. नंतर ‘म्ह’ करणं एका मिनिटाचं काम आहे. उलटं करता येणार नाही, कारण ‘म्हशी’ही त्यात जाईल.

रानजाई

असं करते: भावाची पानं बाजूला ठेवून पहिल्यापासून नव्या स्कॅनवरून उतरवते. मूळ आधी पूर्ण, मग आजचं रूप. भाऊ आजच्या रूपाचं काम करायला तयार आहे, आणि अर्ध्या शेराचं कळल्यापासून त्याने रेघांची वेगळी यादी करायला घेतली आहे. अस्मिता, पहिली वीस पानं झाली की काकांसाठी पाठवते.

शुद्धिपत्राबद्दल मात्र घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, आजीने स्वतः सुधारलंय तर मजकुरात सुधारूनच घ्या. मला वाटतं, पान ४४ वर ‘ठेवते’ छापलंय तर तिथे ‘ठेवते’ दिसावं आणि शुद्धिपत्र शेवटी जसं आहे तसं असावं.

विदुला के

मी तुमच्या बाजूची. निरंजन यांची `sic` आणि `corr` जोडी तिथे चालेल, दोन्ही राहतील.

निरंजन_ई

मी आईंच्या बाजूचा. शुद्धिपत्र हा लेखिकेचा शेवटचा शब्द आहे. वाचकाला दिसणाऱ्या प्रतीत तोच हवा.

रानजाई

पान ५८ वर अडकले आहे. कोरड्या आवळ्याच्या कृतीत ‘ऊन्ह’ आहे की ‘ऊन’, तिथे हळदीचा डाग पडला आहे, बहुधा तिच्याच स्वयंपाकघरातला. स्कॅनमध्ये अक्षराची खालची बाजू दिसत नाही. खळगा शोधला, पण डागाखाली कागद फुगला आहे.

जुना जुळारी

पानाच्या मागून बघा. दाब जोराचा असेल तर उलट्या बाजूला उंचवटा असतो. पान ५७ वर त्या जागी मजकूर आहे की कोरी जागा?

रानजाई

कोरी आहे, प्रकरण तिथे संपतं. सकाळी उजेडात बघून सांगते.